भोसरी ते चाकण: क्वालिटी इंजिनिअरसाठी बारा आठवड्यांचा नोकरीशोध

नोकरी बदलायची ठरली की पहिल्याच सुट्टीत माणूस पोर्टलवर बसून चाळीस-पन्नास ठिकाणी बटण दाबतो. मग दोन आठवडे फोनची वाट बघतो, फोन येत नाहीत, आणि महिन्याभरात सगळं थंड पडतं. अचानक एखादा फोन आलाच, तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या जागेसाठी, हे आठवत नाही. अर्जांची संख्या यात कमी पडलेली नसते. कुठल्या अर्जाचं पुढे काय झालं हे विचारायचा दिवस ठरलेला नसतो आणि मुलाखतीची तयारी फोन आल्यावर सुरू होते, घोटाळा तिथे होतो.

सगळ्यांना लागू पडेल असा आराखडा कुणालाच नीट लागू पडत नाही, म्हणून एकच उमेदवार घेऊ. मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरीतल्या मशिनिंग करणाऱ्या व्हेंडरकडे चार वर्षं क्वालिटीत, पगार वर्षाला ४.२ लाख, नोटीस पिरियड एक महिना. त्याला चाकण किंवा तळेगावच्या टियर-वन कंपनीत जायचं आहे. सुरुवात सोमवार, ५ जानेवारी २०२६. शेवट रविवार, २९ मार्च. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर तांत्रिक भाग बदला. तारखांचा सांगाडा तसाच चालेल.

आठवड्याचा हिशोब

| आठवडे | तारखा | नवे अर्ज, दर आठवड्याला | तयारीचे तास, दर आठवड्याला |
|---|---|---|---|
| पहिला | ५–११ जानेवारी | ० | २ |
| दुसरा | १२–१८ जानेवारी | ४ | ३ |
| ३ ते ६ | १९ जानेवारी–१५ फेब्रुवारी | १० | ४ |
| ७ ते ९ | १६ फेब्रुवारी–८ मार्च | ६ | ५ |
| १० ते १२ | ९–२९ मार्च | ४ | मुलाखतीप्रमाणे |

एकूण ७४ अर्ज. पुढे आकडा कमी होतो, कारण सातव्या आठवड्यापासून वेळ फॉलोअप आणि मुलाखतींत जातो. तेव्हाही दहाचा हट्ट धरला तर अर्ज वाढतात आणि तयारी मार खाते. शून्यावर मात्र आणायचं नाही. एक-दोन ठिकाणी "जवळजवळ फायनल आहे" असं ऐकल्यावर बहुतेक जण अर्ज थांबवतात, आणि ते फायनल लांबलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मार्चचं एक वेगळं गणित आहे. वर्षअखेरीला प्लांटमध्ये डिस्पॅचची घाई असते आणि ज्या क्वालिटी मॅनेजरने मुलाखत घ्यायची, तोच लाइनवर अडकलेला असतो. म्हणून पहिल्या फेऱ्या शक्यतो फेब्रुवारीतच उरकतील असे अर्ज आधी लावले आहेत.

पहिले दोन आठवडे: अर्ज कमी, पाया पक्का

आधी जागा ठरवा. क्वालिटीत इनकमिंग, इनप्रोसेस, सप्लायर क्वालिटी आणि कस्टमर क्वालिटी ही चार वेगवेगळी कामं आहेत. आपल्या उमेदवाराने इनप्रोसेस केलं आहे आणि ग्राहकाच्या तक्रारीही हाताळल्या आहेत, म्हणून त्याने इनप्रोसेस आणि सप्लायर क्वालिटी एवढ्या दोनच जागा धरायच्या. मशिनिंग व्हेंडरकडे काम केलेला माणूस सप्लायर क्वालिटीत उपयोगी पडतो, कारण व्हेंडर कुठे काय लपवतो हे त्याला आतून माहीत असतं. (मुलाखतीत हे जरा सभ्य शब्दांत सांगायचं.)

रिझ्युमेत "क्वालिटीचं काम पाहिलं" असलं काही लिहू नका. कोणते पार्ट, कोणती मोजमापाची साधनं, कोणते ग्राहक, किती तक्रारी हाताळल्या आणि काय बदललं, ते लिहा. पीपॅप, एफएमईए, कंट्रोल प्लॅन, एमएसए, एसपीसी, एट-डी, सीएमएम यांतलं जे हाताने केलं आहे तेवढंच लिहा. रिक्रूटर याच शब्दांनी पोर्टलवर शोधतात, पण समोरचा मॅनेजरही याच शब्दांवर बोट ठेवून प्रश्न विचारतो.

नोकरी पोर्टलवरची प्रोफाइल दर सोमवारी सकाळी थोडी तरी अपडेट करा. रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार गाळून घेऊ शकतो, त्यात तुम्ही दिसायला हवं. नोटीस पिरियड खरा टाका, आणि सेटिंगमध्ये स्वतःची कंपनी ब्लॉक करायला विसरू नका.

मग चाळीस कंपन्यांची यादी. पार्टच्या जातीवरून शोधलं तर ती लवकर होते: तुम्ही ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशिनिंग करता, तर ब्रेक, ट्रान्समिशन, इंजिन पार्ट बनवणाऱ्या कंपन्या आधी. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव असे गट पाडा आणि रोजच्या प्रवासाला किती वेळ जाईल तेही समोर लिहा. रांजणगावची नोकरी मिळाल्यावर प्रवास मोजत बसण्यात अर्थ नाही.

दहा अर्ज कुठून काढायचे

तिसऱ्या आठवड्यापासूनच्या दहा अर्जांपैकी चार ओळखीतून, तीन थेट कंपनीला, तीन पोर्टलवरून. पोर्टलवर एका जागेला ढिगाने अर्ज येतात. ओळखीतून गेलेला रिझ्युमे निदान उघडून तरी बघितला जातो.

ओळख म्हणजे मोठा माणूस असं नाही. जुने सहकारी आणि कॉलेजचे सीनियर तर आहेतच, पण गेज कॅलिब्रेशनवाले, इन्सर्ट विकणारे सेल्स इंजिनिअर आणि सीएमएमचं जॉबवर्क करणारे रोज पाच प्लांटचे दरवाजे ओलांडतात. कुठे क्वालिटीतला माणूस सोडून गेला हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. त्यांना "काही असेल तर सांगा" म्हणू नका. "सर, सप्लायर क्वालिटी किंवा इनप्रोसेस, चार वर्षं मशिनिंग, चाकण-तळेगाव पट्टा, एक महिना नोटीस. कुठे जागा दिसली तर कळवाल का? रिझ्युमे पाठवून ठेवतो," असा मेसेज टाका. तो जसाच्या तसा पुढे ढकलता येतो.

एका ठिकाणी मात्र सांभाळून. आपल्याच कंपनीत ऑडिटला येणाऱ्या ग्राहकाच्या इंजिनिअरला नोकरीबद्दल विचारू नका. गोष्ट साहेबांच्या कानावर जायला वेळ लागत नाही, आणि काही ग्राहक कंपन्या स्वतःच्या व्हेंडरची माणसं घेतही नाहीत.

कन्सल्टंटकडून रिझ्युमे जाणार असेल तर कंपनीचं नाव विचारल्याशिवाय हो म्हणू नका. एकाच कंपनीत पोर्टलवरून एकदा आणि दोन कन्सल्टंटांकडून दोनदा नाव गेलं, तर फी कुणाची या वादात तुमचंच नाव बाजूला पडतं. कन्सल्टंटची फी कंपनी देते. तुमच्याकडे नोंदणीचे किंवा गेटपासचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा.

फॉलोअपची तारीख अर्जाच्याच दिवशी

एक शीट करा. रकाने एवढेच: कंपनी, जागा, अर्जाची तारीख, कुठून गेला, माणसाचं नाव, पहिला फॉलोअप, दुसरा फॉलोअप, स्थिती. फॉलोअपची तारीख मनाने भरू नका, सूत्राला भरू द्या.

पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर मोठ्या कंपन्यांची कॉर्पोरेट ऑफिसं शनिवार-रविवार बंद. साध्या सूत्राने तारीख काढली तर ती हमखास एखाद्या गुरुवारी पडते आणि फोन वाजत राहतो. खालच्या सूत्रात गुरुवार आणि रविवार वगळले आहेत. अर्जाची तारीख C रकान्यात आणि सणासुदीच्या सुट्ट्या J रकान्यात धरल्या आहेत:

```
=WORKDAY.INTL(C2,5,"0001001",$J$2:$J$10)
=WORKDAY.INTL(C2,10,"0001001",$J$2:$J$10)
```

अवतरणातले सात आकडे सोमवारपासून सुरू होतात, १ म्हणजे सुट्टी. मंगळवार, २० जानेवारीला अर्ज केला आणि J मध्ये २६ जानेवारी टाकली, तर पहिला फॉलोअप बुधवार, २८ जानेवारी आणि दुसरा बुधवार, ४ फेब्रुवारी. समोरच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असेल तर सहावा आकडाही १ करा.

पहिला फॉलोअप तीन ओळींचा: "नमस्कार मॅडम, २० तारखेला सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला होता. ॲल्युमिनियम मशिनिंगमध्ये चार वर्षांचा अनुभव, नोटीस एक महिना. रिझ्युमे पुन्हा जोडला आहे, जागा अजून खुली आहे का ते कळवावं." दुसऱ्या वेळी सकाळी अकराच्या सुमारास फोन. एचआरचा दिवस हजेरी आणि गेटच्या भानगडींनी सुरू होतो, त्यामुळे साडेनऊला केलेला फोन वाया जातो. दोन्हीला उत्तर नाही आलं तर शीटमध्ये "बंद" लिहून पुढे जा. तिसरा फॉलोअप करत बसू नका, त्या वेळेत एक नवा अर्ज होतो.

पोर्टलवरच्या ज्या जागेमागे कुणाचं नाव किंवा मेल सापडत नाही, तिला फॉलोअप नाहीच. ओळखीतून दिलेल्या रिझ्युमेबद्दल पाचव्या दिवशी ओळखीच्या माणसालाच विचारा, त्याला डावलून थेट एचआरला फोन लावू नका.

मुलाखतीनंतरचा नियम वेगळा. निघताना "निर्णय साधारण कधीपर्यंत?" असं विचारून यायचंच. संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा मेल. त्यांनी "पुढच्या बुधवारपर्यंत" म्हटलं असेल तर गुरुवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी फोन. "कळवतो" एवढंच म्हटलं असेल तर सातव्या दिवशी.

तयारीचे तास कशावर

आपल्या उमेदवाराला गुरुवारी सुट्टी आहे, म्हणून तयारीचा मोठा ठोकळा गुरुवारी सकाळी, तीन तास. शिफ्टनंतर रात्री दहाला एफएमईए वाचलेलं डोक्यात राहत नाही. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी एकेक तास शीट आणि अर्जांना, मंगळवारी पाऊण तास फोन-मेसेजना. समोरच्या कंपनीची सुट्टी शनिवार-रविवार असेल तर मुलाखतही गुरुवारी मागा, रजा वाचते.

पहिल्या चार आठवड्यांत स्वतःच्या दोन तक्रारी इतक्या तयार करा की कुठूनही प्रश्न आला तरी अडखळायला होणार नाही. मी मुलाखती घेतो तेव्हा पुस्तकी व्याख्या फारशा विचारत नाही. "एक कंप्लेंट सांगा, तुम्ही स्वतः हाताळलेली," एवढ्यावर अर्धा तास जातो. एक नमुना बघू.

ग्राहकाकडून तक्रार आली, २५ एच-७ चा बोअर मोठा. म्हणजे मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिमी, आणि पार्ट २५.०२६ चे निघाले. उमेदवार सांगतो, "इन्सर्ट बदलल्यावर ऑपरेटरने ऑफसेट बरोबर टाकला नाही. ट्रेनिंग दिलं." इथे मुलाखत पडते. पार्ट खराब का झाला हा एक प्रश्न. खराब पार्ट ग्राहकापर्यंत पोचला कसा हा दुसरा. प्लग गेज होतं ना, मग नो-गो आत गेलं तरी पार्ट पुढे कसा गेला?

चांगलं उत्तर असं उलगडतं. पहिल्याच दिवशी ग्राहकाकडचा, वाटेतला आणि आपल्याकडचा साठा वेगळा करून शंभर टक्के तपासला, किती खराब निघाले ते आकड्यात. पार्ट खराब होण्याचं कारण: इन्सर्ट बदलल्यानंतर पहिला पार्ट मंजूर करून घेण्याची सक्ती फक्त शिफ्टच्या सुरुवातीला होती, मधल्या बदलाला नव्हती. सुटण्याचं कारण: गेजिंग दर दहा पार्टला एक, आणि इन्सर्ट बदलल्यानंतरचे नऊ पार्ट तपासणीआधीच ट्रेमध्ये मिसळले जात होते. उपाय: टूल लाइफ काउंटर संपला की मशीन थांबतं, पहिला पार्ट मंजूर झाल्याशिवाय ट्रे उघडत नाही. कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईए दोन्ही सुधारले, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या दोन पार्टलाही तेच लावलं. ट्रेनिंग हा मूळ कारणावरचा उपाय कधीच नसतो, हे समोरचा ऐकायला बसलेला असतो.

पाचव्या आठवड्यापासून आकडे. वरच्याच बोअरचा सरासरी आकडा २५.०१३ आणि सिग्मा ०.००२ धरा. सीपी म्हणजे ०.०२१ भागिले ०.०१२, म्हणजे १.७५. सीपीके वरच्या बाजूने ०.००८ भागिले ०.००६, म्हणजे १.३३. दोन्हींत फरक का? मध्य २५.०१०५ आहे आणि प्रोसेस वर सरकली आहे. पसरण ठीक आहे, ऑफसेट खाली आणला की काम होतं. हे गणित कागदावर स्वतः करून दाखवता आलं पाहिजे. एमएसएमध्ये गेज आर अँड आर दहा टक्क्यांखाली चांगलं, दहा ते तीसमध्ये परिस्थिती बघून, तीसवर नामंजूर. तुमच्या गेजचं किती आलं होतं तेही सांगा. एफएमईएबद्दल "आरपीएन शंभरच्या वर गेला की कृती" असं म्हणून थांबू नका. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तिकेत आरपीएनच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी आली आहे, आणि टियर-वनमध्ये हे विचारलं जातं.

सहाव्या आठवड्यात दोन सराव मुलाखती. घ्यायला क्वालिटीतलाच एखादा सीनियर बघा, घरातला माणूस नको. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि "आम्ही केलं" किती वेळा आलं ते ऐका. प्रत्येक ठिकाणी नेमकं तुम्ही काय केलं ते घाला. सातव्या आठवड्यानंतर मुलाखत ठरली की त्या कंपनीसाठी दोन तास: ते कोणता पार्ट बनवतात, कोणत्या प्रोसेसने, त्यात साधारण कोणते दोष येतात. प्रेशर डाय कास्टिंग असेल तर पोरॉसिटी आणि लीक टेस्टवर विचारणारच.

गळती कुठे होतेय

पाचव्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी ८ फेब्रुवारीला, शीटमध्ये ३४ अर्ज असतील. त्या दिवशी मोजा. एचआरचे फोन दोन-तीनही नसतील तर दोष रिझ्युमेत किंवा जागेच्या निवडीत आहे. आणखी अर्ज टाकून तो सुटणार नाही. आठवडाभर अर्ज निम्मे करा आणि रिझ्युमेचा वरचा अर्धा भाग नव्याने लिहा. एचआरचे फोन येतात पण प्लांटला बोलावणं नाही, तर फोनवर अपेक्षित पगार किंवा नोटीस सांगताना गाडी अडते. प्लांटला जाऊन येता पण दुसरी फेरी नाही, तर तांत्रिक तयारी कच्ची. न आलेले प्रश्न त्याच संध्याकाळी वहीत उतरवा, गुरुवारचा ठोकळा त्याच प्रश्नांना द्या.

पगाराच्या प्रश्नाला आकडा तयार ठेवा. आपला उमेदवार "५.५ ते ६, जागा आणि बाकी सुविधा बघून" म्हणेल. एप्रिलमध्ये वाढ होणार असेल तर तेही सांगायचं, कारण मार्चमधली ऑफर जुन्या पगारावर बेतली जाते. ऑफरमध्ये सीटीसीचा आकडा बघून भुलू नका. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल बाजूला काढून हातात महिन्याला किती येणार ते लेखी विचारा, आणि कंपनीची बस तुमच्या भागात येते का तेही. चाकणला रोज स्वतःच्या गाडीने जायचं झालं तर वाढीतला बराच भाग पेट्रोलमध्ये जातो.

ऑफर आल्यावर, आणि न आल्यावर

ऑफर लेटर हातात, त्यावर पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख, आणि तुमचा स्वीकाराचा मेल गेलेला, यानंतरच राजीनामा. "तोंडी कन्फर्म आहे, उद्या रिझाइन करा" असं कुणीही म्हटलं तरी नाही. सोमवार, १६ मार्चला राजीनामा दिला तर एक महिन्याची नोटीस १५ एप्रिलला संपते. रुजू होण्याची तारीख २० एप्रिल मागा, मधले दिवस हँडओव्हर लांबला तर लागतात. राजीनामा मेलवरच द्या आणि शेवटचा दिवस त्यात लिहा. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, फॉर्म १६, अपॉइंटमेंट आणि इन्क्रिमेंटची पत्रं आधीच स्वतःच्या मेलवर काढून ठेवा. कंपनीचं ड्रॉइंग किंवा पीपॅपची फाइल मात्र एकही नाही. यूएएन एकच राहतो, त्यामुळे जुन्या नोकरीच्या तारखा नव्या ठिकाणी पीएफच्या नोंदीत दिसतात. रिझ्युमेतल्या तारखा त्यांच्याशी जुळल्या पाहिजेत.

२९ मार्चपर्यंत ऑफर नसेल तर शीट फेकू नका. "बंद" लिहिलेल्या कंपन्यांपैकी ज्यांनी प्लांटला बोलावलं होतं, त्यांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक मेल करा. मार्चची घाई संपलेली असते, वाढीची पत्रं हातात पडल्यावर काही जण नोकरी सोडतात आणि नव्या जागा निघतात. यादीत वाळूज आणि नाशिकची सातपूर-अंबड वसाहत घालायची का, हा निर्णय घरच्यांशी बोलून एप्रिलच्या पहिल्या रविवारी घ्या. ती दारं उघडायची ठरली तर पुढचे चार आठवडे पुन्हा दहाच्या हिशोबाने.